हजार एकशे चाळीस

माझा साडू दातांचा डॉक्टर आहे, आणि हसतो तेव्हा बत्तीसच्या बत्तीस दाखवतो. अशा माणसावर माझा विश्वास बसत नाही. त्याने गेल्या वर्षी क्लबच्या बचाव बोटीला नवं इंजिन भेट दिलं, तेव्हाच मी बायकोला म्हटलं होतं, "हा काही उगाच दानशूर झालेला नाही. याचं फळ तो कुठेतरी खाणार."

"तुम्हाला दुधातसुद्धा माशी दिसते," ती म्हणाली. साडू तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे तिला तसं म्हणणं भागच होतं.

मी सुतार. आमची होडी माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली, लाकडी, जड, पोट सुटलेली. सगळा क्लब तिला 'म्हातारी' म्हणतो. साडूची होडी म्हणजे नुसती सुरी. तळ्यावर दोन्ही एकाच भोंग्याला सुटतात आणि पाच मिनिटांत तो कुठल्या कुठे जातो. मग म्हातारीने जिंकायचं कसं? त्यासाठी आकडा असतो. प्रत्येक होडीला क्लब एक आकडा देतो. साध्यासरळ होडीला जिथे हजार सेकंद लागतात, तिथे या होडीला किती लागतील, तो तिचा आकडा. साडूचा नऊशे चाळीस, आमचा हजार एकशे पन्नास. शर्यतीला लागलेल्या सेकंदांना आपल्या आकड्याने भागायचं, हजाराने गुणायचं, आणि जे उरेल त्यावर नंबर. म्हणजे हातातल्या घड्याळात हरलेला माणूस कागदावर जिंकू शकतो. आणि कागद म्हटला की तिथे हात मारायला जागा असते, हे मी आयुष्यभर बघत आलोय.

हे आकडे पूर्वी माझे सासरेच ठरवायचे. क्लबच्या भिंतीवरच्या ढालीवर म्हातारीचं नाव सात वेळा कोरलंय. ते गेले आणि वजन-मापाची वही गणिताच्या मास्तरांकडे आली. मास्तर निवृत्त, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि साडूकडून कवळी बसवून घेतलेले. आता सांगा, मी संशय घेणार नाही तर काय करणार?

यंदा म्हातारीचा शेवटचा हंगाम होता. तळाच्या फळ्या इतक्या कुजल्या होत्या की अंगठा दाबला तर आत जायचा. हे मीच बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एकदा तरी. आठव्यांदा बाबांच्या होडीचं नाव लागू दे, मग तिला सोडू." त्यानंतर दर रविवारच्या शर्यतीत ती माझ्याबरोबर होडीत बसली. शेवटच्या शर्यतीपर्यंत आमचे आणि साडूचे गुण बरोबरीत आले होते. आता आमच्या दोघांत जो पुढे राहील त्याची ढाल.

त्यात शर्यतीच्या तीन आठवडे आधी जुनी डोलकाठी तडकली. मी नवी केली. भरीव लाकूड मिळेना, म्हणून आतून पोकळ, दोन भाग चिकटवून. काम इतकं सुबक झालं की माझं मलाच कौतुक वाटलं.

"मास्तरांना कळवायला हवं," बायको म्हणाली होती. "ही हलकी झाली."

"दुरुस्ती आहे ती! चप्पल तुटली की शिवतो, त्याची वर्दी देतो का आपण?"

ती आणखी काहीतरी म्हणाली, पण मी रंधा मारत होतो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी बोर्डावर आकड्यांची यादी लागली. ती म्हणाली, "यादी बघा बरं एकदा." मी म्हटलं, "वीस वर्षं तोच आकडा आहे, त्यात काय बघायचं? मी दोर बघतो."

सहा फेऱ्यांची शर्यत. वारा छान, भरलेला. म्हातारी अशी पळाली की काय सांगू! हलक्या डोलकाठीने तिची जणू दहा वर्षं कमी केली होती. पाचव्या फेरीत आम्ही वरच्या बोयाकडे, वाऱ्याच्या दिशेच्या त्या तरंगत्या खुणेकडे, चढत असताना साडू मागून आला, एक अख्खी फेरी पुढे, आणि आमच्या बाजूने बोयाला वळायला लागला. इतका चिकटून की मला वाटलं, लागलीच त्याची होडी बोयाला! बोयाला लागलं तर तिथेच गोल फिरून दंड भरावा लागतो. हा भरतोय का, ते मला बघायचंच होतं. मी मान मागे वळवली आणि वळवलेलीच ठेवली.

"अहो, पुढे बघा! शीड फडफडतंय! अहो!"

तोवर म्हातारी नाक वाऱ्यात खुपसून उभी राहिली होती. शीड नुसतं फडफडतंय, सुकाणू ऐकत नाही. बायकोने शीड हाताने बाहेर ढकलून धरलं, तेव्हा कुठे मिनिटभराने ती परत चालायला लागली. मी मनात साडूला शिव्या दिल्या.

शेवटी आम्ही आलो. माझ्या घड्याळात एक तास सव्वीस मिनिटं नऊ सेकंद, म्हणजे पाच हजार एकशे एकोणसत्तर. साडूचे चार हजार दोनशे तीस, ते मास्तरांनी भोंगा वाजवला तेव्हाच मी टिपून घेतले होते. काठाला लागायच्या आत मी पेन्सिलीने फळीवर हिशेब केला. साडूचे पडले बरोबर साडेचार हजार. आमचे चार हजार चारशे पंच्याण्णव.

"पाच सेकंदांनी जिंकलो!" मी ओरडलो. "अगं, जिंकलो!"

ती दोर गुंडाळत होती. "बोर्ड लागू दे आधी," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आनंदाने शब्द फुटत नाही तिला.

बोर्ड लागला. पहिला साडू, साडेचार हजार. दुसरी म्हातारी, चार हजार पाचशे चौतीस. आणि आमच्या नावापुढे आकडा, हजार एकशे चाळीस.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. दहा! गुपचूप दहा कापले! मी मास्तरांच्या खोलीचं दार ढकललं. आत मास्तर होते, वही होती, आणि खुर्चीत चहा पीत कोण, तर साडू. मला बघून त्याने दात दाखवले.

"या, या! काय पळवलीत हो म्हातारीला आज!"

"तू गप्प बस. तुझ्या इंजिनाला फळं लागलेली दिसतायत मला." मी वहीवर बोट ठेवलं. "मास्तर, वीस वर्षांचा आकडा कुणी बदलला?"

दारात चार-पाच माणसं जमली. मास्तरांनी चष्मा काढला. "बदल गुरुवारी झाला. सकाळी यादीत होता. तू वाचली नाहीस का?"

"मी विचारतोय कुणी केला!"

"मी केला. नवी डोलकाठी जुनीपेक्षा साडेचार किलो हलकी आहे. होडी वेगवान झाली की आकडा खाली येतो. नियम आहे, आणि तो नियम तुझ्या सासऱ्यांनीच घातलाय."

"साडेचार किलो? तुम्हाला कुणी सांगितलं? चोंबडेपणा कुणी केला?" मी साडूकडे बघितलं. त्याचे दात आता आत गेले होते. "यानेच ना? माझ्या शेडमध्ये येऊन वजन करून गेला असेल! कवळी फुकट बसवली असेल तुमची!"

मास्तर लाल झाले. "कवळीचे मी पैसे दिलेत," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "हे बघ, तू घरी जा. घरी जाऊन बोल."

"घरी कशाला? इथेच बोलायचं! ज्याने अर्ज दिला त्याचा कागद दाखवा. सगळ्यांसमोर दाखवा!"

"अरे, ऐक माझं."

"कागद!"

मास्तरांनी खण उघडला, कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. 'जुनी डोलकाठी तडकल्याने नवी पोकळ बसवली. वजन साडेचार किलो कमी. आकडा योग्य तो करावा.' खालची सही बघायची मला गरजच नव्हती. अक्षर ओळखीचं होतं. वाण्याकडे द्यायच्या यादीत दर महिन्याला तेच असतं. 'ळ' असा गोल, टपोरा.

साडूने चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मास्तर म्हणाले, "कळवलं नसतं आणि नंतर उघड झालं असतं, तर अख्ख्या हंगामातून बाद झाला असतास. ती वजनकाटा घेऊन स्वतः आली होती." माझी अशी लाज निघाली की जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. मी साडूला "माफ कर" म्हटलं. तोंडातल्या तोंडात, पण म्हटलं. तो म्हणाला, "चालायचंच." हसला नाही बिचारा.

बाहेर बायको शीड घडी करत होती. मी दुसरं टोक धरलं.

"मला सांगायचंस तरी," मी म्हटलं.

"दोनदा सांगितलं. एकदा तुमचा रंधा चालला होता आणि एकदा तुम्हाला दोर बघायचे होते."

"आठव्यांदा नाव लागावं म्हणून वर्षभर माझ्यामागे तूच लागली होतीस ना? मग स्वतःच पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

"बाबांच्या ढालीवर खोट्या आकड्याचं नाव लावायचं होतं का मी? आणि धोंडा कसला? हजार एकशे चाळीसने पण येत होतो आपण. मी करून बघितला होता हिशेब. आज वारा भरला तेव्हा मला खात्रीच होती. चाळीस सेकंद कमी पडले फक्त."

चाळीस सेकंद. मी शिडाचं टोक हातात धरून उभा राहिलो. ती जवळ आली, माझ्या हातातलं टोक घेतलं आणि घडीवर घडी घातली.

"त्याची होडी लागली होती का हो बोयाला?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. हातभर लांबून गेला."

"नीट बघितलंत ना?"

"हो," मी म्हटलं. "नीट बघितलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि शीड पिशवीत भरायला लागली.