बाबांचं बोट आणि चिमणीचा बॉल

माझा अर्धा दिवस लोकांच्या हातांसाठी स्प्लिंट बनवण्यात जातो आणि उरलेला अर्धा ते वेळेआधी काढणाऱ्यांवर रागावण्यात. घरच्या माणसाला मात्र मी धड काही सांगत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा सुतार आहेत. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने, चिमणीने, फेकलेला बास्केटबॉल झेलायला गेले आणि तो त्यांच्या उजव्या करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकावर बसला. त्यांनी बोट स्वतःच खेचलं, "काही नाही, मुका मार आहे," म्हणाले आणि तीन दिवस रंधा मारत राहिले. मी पाहिलं तेव्हा बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबत होतं. मी उचललं की सरळ, सोडलं की खाली. त्यांनी आपलं आपण उचलायचा प्रयत्न केला. चेहरा लाल झाला, पेर जागचं हललं नाही.

एक्स-रेत हाड शाबूत होतं. पेर वर उचलणारी शिरेसारखी दोरी तुटली होती. मी प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ केला आणि तेवढ्या एका सांध्यापुरता स्प्लिंट बसवला. मधला सांधा मोकळा ठेवला.

"आठ आठवडे, रात्रंदिवस. हे पेर एकदाही वाकवायचं नाही. धुवायला काढलात तर बोट टेबलावर सपाट ठेवून. कळलं?"

"कळलं, बाई."

का, ते त्यांनी विचारलं नाही. दवाखान्यात येणाऱ्या अनोळखी माणसाला मी हे दहा मिनिटं समजावते. बाबांना चार वाक्यांत उरकलं, तेही पायात चपला सरकवताना. आतून मात्र मला धास्ती होती. बोट लोंबतंच राहिलं तर ते घेऊन हा माणूस करवतीच्या मशीनजवळ उभा राहणार होता.

आठ आठवड्यांनी स्प्लिंट काढला. पेर पहिल्या दिवशीसारखंच खाली गेलं.

"काय केलंत?"

"रोज संध्याकाळी काढायचो. एकच मिनिट."

"कशाला?"

"पोर विचारायची, आजोबा, बरं झालं का, दाखवा ना. तिने बॉल खाटेखाली ढकलून दिलाय, हात लावत नाही. म्हटलं, बोट सरळ झालेलं दिसलं की तिच्या मनावरचं ओझं उतरेल."

मी त्यांना अडाणी म्हणाले. वडिलांना, दवाखान्यात, दोन पेशंटांसमोर. मग नवा स्प्लिंट बसवला.

संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या कारखान्यात गेले. चिमणी कोपऱ्यात बसली होती, डोळे सुजलेले. आपल्याला दाखवण्यापायी बोट पुन्हा लोंबलं, हे तिला कळलं होतं. टेबलावर एका स्टुलाचा सांगाडा क्लॅम्पमध्ये आवळलेला होता आणि लाकडावर पेन्सिलीने आवळल्याची तारीख, वेळ लिहिली होती. माफी तोंडातून निघेना. मी भलतंच बोलले.

"हा क्लॅम्प काढा बघू. सांधा धरलाय का ते बघू."

"वेड लागलंय का? सांध्यात चिकटवायला लावलेला सरस ओला आहे अजून. आत्ता हलवला तर पुन्हा पहिल्यापासून..." मग बाबा स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाले, "याचंही तसंच?"

"तसंच. दोरीची टोकं जवळ धरून ठेवली की शरीर मधली जागा हळूहळू भरून काढतं. एक मिनिट वाकलं तरी नवं विणलेलं ताणलं जातं, तुटतं. मग पुन्हा पहिला दिवस."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. "चुकलं, बाबा," मी म्हणाले.

चिमणी उठली. बाबांच्या कानामागची पेन्सिल काढून तिने स्प्लिंटवर त्या दिवसाची तारीख लिहिली.

त्यानंतर "बरं झालं का" हा प्रश्न बंद झाला. धुवायच्या वेळी ती बाबांचा हात टेबलावर दाबून बसायची आणि पेराखाली आपलं बोट लावून धरायची. पुसट झालेली तारीख दर रविवारी गिरवायची. रंधा तर बंदच होता. बाबा डाव्या हाताने फळ्यांना पॉलिश करत आणि चिडचिड गिळत.

पुन्हा आठ आठवडे झाले. मी स्प्लिंट काढला. चिमणीने पेराखाली धरलेलं आपलं बोट हळूच काढून घेतलं.

बोट वर राहिलं. पेर किंचित कललेलं, पण वर.

"एवढा बाक राहील कदाचित," मी म्हणाले. "रात्री स्प्लिंट अजून महिनाभर घालायचा. आणि तोवर जोराचं काही नाही."

बाबांनी डोळे पुसले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. मग म्हणाले, "चिमणे, बॉल आण."

ती आत गेली, खाटेखालून बॉल काढून आणला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसली आणि तो हलकेच घरंगळत सोडला. बाबांनी पायाने अडवला.

"फेक की," ते म्हणाले.

"अजून महिना आहे, आजोबा," चिमणी म्हणाली. "मग फेकीन."