व्याह्यांचा राफ्ट

आमचे सर आणि मातीवाले यांचं पूर्वी विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, आणि त्या काळात आमच्या इमारतींचे पाये फार चांगले होत.

मातीवाले म्हणजे जमिनीत भोकं पाडून, खालची माती तपासून अहवाल देणारे सल्लागार. ते माती सांगणार आणि आम्ही त्या मातीवर इमारत उभी करणार, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सर त्यांना फोनवर म्हणायचे, तुमची माती कागदावरच बरी दिसते. ते म्हणायचे, तुमचा राफ्टचा पाया आधी ताठ करा, मग मातीला नावं ठेवा. फोन आपटले जायचे, पुन्हा लागायचे, आणि चार दिवसांच्या या तंट्यातून जो आकडा बाहेर पडायचा तो बावनकशी असायचा. मग मागच्या वर्षी सरांच्या मुलीचं मातीवाल्यांच्या मुलाशी लग्न झालं. दोघं व्याही झाले आणि फोन आपटणं बंद झालं. आता फोनवर एवढंच ऐकू येतं, "तुम्ही म्हणाल तसं," आणि पलीकडून बहुधा तेच.

इमारतींची रचना करणाऱ्या सरांच्या या कार्यालयात मी एकोणीस वर्षं आहे. सर रचना करतात, मी तपासते. उंच इमारतींच्या आराखड्यांवर स्वतःच्या नावाने सही करायचा परवाना मिळावा म्हणून या वर्षी मी अर्ज भरायला घेतला होता. त्यातला अकरावा प्रश्न असा होता, की तुम्ही तपासलेली एखादी रचना चुकीमुळे बदलावी लागली आहे काय. 'नाही' असं लिहायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. एकोणीस वर्षांत तसं एकदाही झालेलं नव्हतं.

एका सकाळी छत्तीस मजली निवासी इमारतीच्या कामावर गेले. खड्डा खणून झाला होता आणि तळाशी राफ्टची सळयांची खालची जाळी बांधणं चाललं होतं. राफ्ट म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग काँक्रीटचा जाडजूड थर. इथे तो जवळजवळ अडीच मीटर जाडीचा होता, लांबीरुंदीला छत्तीस-छत्तीस मीटर. सळई बांधणाऱ्यांचा मुकादम माझ्याजवळ आला. शेजारच्या प्लॉटवरची तेवढीच उंच इमारत तीन वर्षांपूर्वी आमच्याच कार्यालयाने केली होती, तिथेही सळई त्यानेच बांधली होती. त्याने शांतपणे विचारलं, "बाई, तिकडे लिफ्टच्या भिंतींखाली बत्तीसची सळई दोन थरांत होती. इथे एकच थर, तोही विरळ. मधल्या काळात माती सुधारली का?"

मी म्हटलं, बघून सांगते. गाडीत बसून मातीवाल्यांचा आणि आमचा एकत्र बांधलेला अहवाल उघडला. पान एकोणीसवर मातीवाल्यांनी लिहिलं होतं, की या वजनाखाली जमीन मध्यभागी बासष्ट मिलिमीटर बसेल आणि कडेला अडतीस. पान सत्तेचाळीसवर आमच्या संगणकाने लिहिलं होतं, की राफ्ट मध्यभागी चौदा मिलिमीटर बसेल आणि कडेला आठ. मर्यादा पंचाहत्तरची. दोन्ही आकडे तिच्या आत, म्हणून दोन्हींपुढे बरोबरची खूण. एकच इमारत, एकच जमीन आणि एकाच अहवालात ती दोन वेगवेगळ्या मापांनी खाली चालली होती. शेवटच्या पानावर सरांची सही, मातीवाल्यांची सही, आणि 'तपासले' या शब्दासमोर माझी.

चूक कुठे झाली ते दहा मिनिटांत सापडलं. संगणकाला माती कळत नाही, म्हणून राफ्टखाली मातीच्या जागी आपण हजारो स्प्रिंगा काढतो आणि त्या किती कडक ते सांगतो. मातीवाल्यांनी फूटभर लोखंडी प्लेट जमिनीवर दाबून एक आकडा काढला होता. खाली बारीक अक्षरांत टीपही होती, की राफ्टच्या आकारमानाप्रमाणे हा आकडा कमी करून घ्यावा. फूटभर प्लेटचा भार दोन-तीन फूट खोल पोचतो. छत्तीस मीटरच्या राफ्टचा थेट पंचवीस मजल्यांइतका खोल. प्लेटला कडक वाटणारी जमीन राफ्टला तेवढी कडक कशी वाटेल? सरांनी टीप न वाचता प्लेटचाच आकडा सगळ्या राफ्टखाली सारखा घातला होता. शिवाय स्प्रिंगा शेजाऱ्यांशी अबोला धरलेल्या असतात, एक दबली तर बाजूची हलतसुद्धा नाही. खरी जमीन तशी नसते. एका ठिकाणी दाबली की आजूबाजूचीही थोडी खाली जाते, म्हणून मध्यभाग जास्त बसतो आणि राफ्ट ताटलीसारखा वाकतो. तो वाकला की खालच्या बाजूला ताण येतो, आणि तो ताण घ्यायला नेमकी ती दुसऱ्या थराची सळई लागते. इमारत पडेल अशातला भाग नव्हता. पण वरती छत्तीस मजले चढल्यावर राफ्टच्या पोटाला तडे गेले असते, आणि तिथे डोकावून बघायला कुणालाच जागा उरली नसती.

मी सरांच्या खोलीत जाऊन दोन्ही पानं समोर ठेवली. सरांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाले की त्यांना शंका आली होती, पण व्याह्यांना विचारायचं म्हणजे तुमचा आकडा चुकला असं तोंडावर म्हणण्यासारखं झालं असतं. मातीवाल्यांना बोलावलं. ते आले, त्यांनीही पानं पाहिली, आणि म्हणाले की अहवाल परत आला तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं. पण सुनेच्या वडिलांची चूक काढायची कशी, म्हणून 'शेरा नाही' असं लिहून सही केली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती त्या दिवशी मला दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेली दिसली. मग त्यांच्यात वाद पेटला, पण कसला? चूक माझीच, सर म्हणाले. छे, माझीच, मातीवाले म्हणाले. असं पाव तास चाललं. मी उभ्या उभ्या दोघांच्या नम्रतेवर चिडत राहिले.

काम मात्र दुरुस्त करायलाच हवं होतं. काँक्रीट ओतायला पाच दिवस होते. मी राफ्टचे नऊ भाग पाडले, प्रत्येक भागावरचा दाब मातीवाल्यांच्या कार्यालयात पाठवला. त्यांनी प्रत्येक भाग किती बसेल ते कळवलं. दाबाला त्या बसण्याने भागलं की त्या भागाच्या स्प्रिंगेचा आकडा येतो. मध्यभागी मऊ, कडेला कडक. तो घातला की दाब पुन्हा बदलतो, मग पुन्हा पाठवायचा. तिसऱ्या फेरीला दोन्हीकडचे आकडे जुळले: मध्यभागी साठ, कडेला एकोणचाळीस, आणि मधला तिरकेपणा परवानगीच्या बराच आत. लिफ्टच्या भिंतींखाली अठरा मीटर चौरसात खालच्या बाजूला बत्तीस मिलिमीटर जाडीची सळई, दोन थर, दोन्ही दिशांना, सव्वाशे मिलिमीटर अंतराने. मुकादमाला नकाशा दिला. त्याने तो पाहिला, घडी घातली आणि माणसांना हाक मारली.

आता उरला कागद. बदललेला अहवाल मंजुरीच्या कार्यालयात द्यायचा तर पहिल्याच पानावर 'सुधारणेचे कारण' लिहून खाली तिघांच्या सह्या लागतात. इथे दोघांची नम्रता एकदम आटली. माझीच चूक असं तोंडाने म्हणणं निराळं आणि ते शाईने लिहिणं निराळं. अर्धा तास कुणी पेनला हात लावला नाही. शेवटी सर माझ्याकडे वळले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तपासणीतली नजरचूक, असं लिही. तू घरचीच आहेस."

मी त्यांना माझ्या अर्जाची आठवण करून दिली. ते म्हणाले, अर्ज काय, पुढच्या वर्षीही करता येतो. मातीवाल्यांनी मान डोलावली. सुंठीवाचून खोकला गेल्याचं समाधान दोघांच्या चेहऱ्यावर होतं. घरची मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच झाले होते, तेही दुसऱ्यांच्या घराची अब्रू झाकायला.

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. राग आला होता, पण रागाच्या खाली एक गोष्ट टोचत होती: नजरचूकसुद्धा खरी नव्हती. नजर चुकायला आधी नजर टाकावी लागते. मी तो अहवाल उघडलाच नव्हता. वर दोन मोठ्या माणसांच्या सह्या पाहिल्या आणि तिसरी केली. मी कारण लिहिलं. प्लेटच्या चाचणीचा आकडा आकारमानाची दुरुस्ती न करता सरांनी राफ्टला लावला. ही चूक दिसूनही मातीवाल्यांनी 'शेरा नाही' असं लिहिलं. आणि मी अहवाल न वाचता 'तपासले' अशी सही केली. तिघांची पूर्ण नावं, हुद्द्यासकट. एका पानात बसलं.

पान छापून दोघांच्या समोर नेलं आणि म्हटलं, "सही करण्याआधी वाचून घ्या."

सरांनी पान मातीवाल्यांकडे सरकवलं. आधी तुम्ही. मातीवाले म्हणाले, व्याह्यांच्या कार्यालयातून आलेला कागद वाचायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होईल, आणि त्यांनी सही केली. मी पुन्हा म्हटलं, "सर, तुम्ही तरी वाचा." सर हसले.

"अगं, त्यांनी सही केलीय ना, मग मी काय वाचणार?"

त्यांनीही सही केली आणि मुलीच्या नव्या घराच्या पडद्यांचा विषय काढला. मी पान परत घेतलं, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं आणि मग तिसरी सही केली. दुपारी ते मंजुरीला गेलं. संध्याकाळी मी माझा अर्ज पुरा केला. अकराव्या प्रश्नासमोर 'होय' लिहिलं आणि त्या पानाची एक प्रत सोबत जोडली.