आडवा दांडा

आमच्या ह्यांच्या नाकाचा दरारा होता. छत्तीस वर्षं घरोघरी सिलिंडर पोचवले. दारात पाऊल टाकायचे आणि म्हणायचे, "बाई, वॉशर गेलाय." एजन्सीत त्यांना सगळे 'नाक' म्हणायचे. घरी आले की जिन्यातूनच ओरडायचे, "कांदा लागला गं खाली!" मला मेलीला चोरून काही करायची सोय नव्हती.

मागच्या वर्षी ह्यांना मोठा ताप आला आणि गेला. त्यानंतरही माझं तसंच चाललं होतं. सकाळी शिलाईच्या कारखान्यात जायचं, दुपारी परत यायचं. हे दिवसभर घरी एकटे. मुलगी म्हणायची, "बाबांना माझ्याकडे पाठव." मी म्हणायची, "त्यांना काय धाड भरलीय? नाक शाबूत आहे तोवर घराला धोका नाही." आणि मी घरी येणार म्हणून जिन्यात माझ्या चपला वाजल्या की हे चहा टाकायचे. त्या चहासाठी मी चार मजले दम न खाता चढायची, खोटं कशाला बोलू?

परवा मी दार उघडलं. गॅसचा वास. नाकात शिरून डोक्यात जाईल असा. हे ओट्यापाशी उभे, पातेल्यात पाणी, हातात लायटर.

"लायटर ठेवा खाली! पेटवू नका!"

"का गं? काय झालं?"

"वास येतोय, वास! पंख्याच्या बटणाला हात लावू नका!"

हे लगेच गुडघे टेकून ओट्याखाली वाकले, जमिनीशी नाक नेलं. सिलिंडरचा गॅस जड असतो, खाली साचतो, म्हणून जन्मभराची ती सवय. "काही नाही इथे," म्हणाले. हात मात्र रेग्युलेटर चाचपत होता. सिलिंडर जाऊन पाइपाचा गॅस आला त्याला वर्ष झालं. तिथे आता बटाट्याची टोपली.

"अहो, हा पाइपातला! हलका असतो, वर जातो!" मी खिडक्या उघडल्या, वरचा झरोकासुद्धा. मग पिवळ्या पाइपावरचा गॅस बंद करायचा दांडा शोधते तर सापडेना. माझाच गाढवपणा. त्यावर मीच पिशव्या अडकवल्या होत्या. पिशव्या फेकल्या. दांडा पाइपाच्या रेषेत उभा, म्हणजे चालू. तो फिरवून आडवा केला. ह्यांचा दंड धरला आणि दोघं जिन्यात आलो. तिथून फोन केला.

अर्ध्या तासात गॅस कंपनीची फिटर आली, पंचविशीतली, कडक तोंडाची. घरातला गॅस निघून गेलाय ना ते आधी यंत्राने तपासलं. दांडा जरा उघडून रबरी नळीला साबणाचं पाणी लावलं. शेगडीजवळच्या टोकाला फसफस बुडबुडे.

"शेगडी ओढली होती का कुणी?"

"सकाळी मी पुसायला ओढली," हे म्हणाले.

तिने दांडा पुन्हा आडवा केला, नळी आणि क्लिप बदलली, परत साबण लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही. मग मला झापलं, "मावशी, व्हॉल्व्ह म्हणजे खुंटी नाही." आणि ह्यांच्याकडे वळली. "आजोबा, सकाळपासून गळत असणार. या गॅसला मुद्दाम वास घालतात. तुम्हाला आला नाही?"

ह्यांनी मान खाली घातली.

"तापानंतर मला कशाचाच वास येत नाही," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे वर्षभर रोज जेवताना "वा, काय वास सुटलाय!" म्हणत होते, ते ताटात बघून? मला भांडायचं होतं. पण मी रडायलाच लागले.

फिटर हळू आवाजात म्हणाली, "घरात एकटे असतील तेव्हा दांडा आडवाच ठेवा. छताजवळ गळती ओळखणारा भोंगाही बसवून घ्या." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी निघताना ह्यांनीच दांडा आडवा केला. "केलाय बंद. बघून जा," म्हणाले. मी बघितला.

दुपारी जिना चढले. चपला मुद्दाम वाजवल्या. आतून पातेल्याचा आवाज आला नाही. दार उघडून हे बाजूला उभे राहिले, पाहुण्यासारखे. मी दांडा उभा केला, कढई ठेवली, कांदा चिरला. हे मागे येऊन थांबले.

"आज काय करतेयस?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

"कांदा लाल झाला की सांग," म्हणाले.

मी ढवळत राहिले. डोळे पुसले, ते कांद्यामुळे म्हणायला मोकळी होते. मग म्हटलं, "झाला बघा."