चपला मी आत ठेवतो

दिग्दर्शकाला तो प्रसंग अर्ध्या पानात हवा होता. माझ्याकडे पटकथा शिकायला येणाऱ्या मुलीने तो दोन पानं लिहिला होता. बायको बहिणीकडून परतते आणि नवरा दारातच धमकावतो, "पुन्हा गेलीस तर पाय मोडीन."

"धमकी त्याच्या तोंडी नको, पोरी," मी म्हणाले. "त्याने न देताही ती प्रेक्षकाला कळली पाहिजे. हा माणूस बोलतो कसा?"

"गोड. आवाज चढवत नाही. राणी म्हणतो."

"मग तसंच बोलू दे त्याला."

तिने सगळं खोडलं आणि न थांबता लिहिलं, "राणी, दमली असशील. चपला मी आत ठेवतो."

बायकोचं लांबलचक रडगाणंही तिने उडवलं. बायको वाक्य अर्धंच सोडते, एवढी तिची लकब मात्र राखली. "उद्या मला लागतील, म्हणजे..."

"कशाला?" नवरा विचारतो. तिथेच प्रसंग संपला.

मी ते पुन्हा एकदा वाचलं. "छान जमलं. सुचलं कुठून?"

"असंच, म्हणजे..." ती पेन्सिलीला टोक करू लागली.

दाराशी तिने काढलेल्या चपलांकडे माझं लक्ष गेलं. पुरुषी होत्या, तिच्या पायाला खूपच मोठ्या.

"कुणाच्या गं या?"

"शेजारच्या काकांच्या."

तेवढ्यात बेल वाजली. "राणी," बाहेरून मऊ आवाज आला, "झालं का काम? न्यायला आलोय."

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कडी घातली. "ती आज इथेच राहणार आहे," मी आतूनच सांगितलं.

"कशाला?" त्याने विचारलं.