येतोय का वास?

“वैभवी, तुझ्या अंगाला शेळ्यांचा वास येतो. सेंट लावत जा,” ऑफिसात मृण्मयी सगळ्यांदेखत म्हणाली होती. वैभवीला ते लई लागलं होतं.

आज मृण्मयीच्या बढतीची मुलाखत होती. तिनं उदाचं जड अत्तर फवारलं. पण रोजच्या वासाला नाक सरावतं, तिला स्वतःला काहीच कळेना.

“येतोय का गं वास?”

“न्हाई, मॅडम.”

आणखी चार फवारे.

“आता?”

“न्हाई की!” वैभवी गोड हसली.

एसीच्या बंद खोलीत साहेबांना शिंकांवर शिंका. “अहो, वास जवळ आल्यावर कळावा, मजलाभर नव्हे! दहा मिनिटांत धुऊन या, नाहीतर मुलाखत रद्द.”

मृण्मयी बेसिनकडे पळाली. “साबण कुठंय गं?”

“संपलाय, मॅडम,” म्हणत वैभवीनं नवी वडी ड्रॉवरमध्ये आत सरकवली.