आत्याबाईंचा एक हात

रोह्याच्या मालूआत्यांना पेणच्या मेंदीवाल्या सुरभीने फोनवर दोन्ही दर नीट सांगितले होते. नवरीचं पॅकेज चार हजार: दोन्ही हात कोपरापर्यंत, पुढून-मागून, आणि पाय. पाहुण्या बायकांचं हातावर, म्हणजे एका हाताच्या एका बाजूचे शंभर. नाहीतर अख्खा कार्यक्रम घ्या, नवरीसकट नऊ हजार. तिघी येऊ, पाच तास बसू, बायका कितीही बसवा, नक्षी साधी. पेणबाहेर जाण्यायेण्याचे सहाशे वेगळे.

"नऊ हजार? लगीन लावायला येतेस का मेंदी काढायला?" आत्या म्हणाल्या होत्या. "आमच्या दहाच बायका हायेत. हातावर धर."

सुरभीने धरलं. तिघींतल्या एकीला वडखळला दुसरं काम दिलं आणि जाऊ दीपिकाला घेऊन सकाळची गाडी पकडली.

दुपारपर्यंत माजघरात चौतीस बायका झाल्या. भावकी आली, धाटावच्या कारखान्यात नवरीबरोबर काम करणाऱ्या मुली आल्या, शेजारणी तर बोलवायच्या आधीच बाह्या वर करून बसल्या, आणि जिला तिला दोन्ही हात हवे होते. दीपिका एकटी कोन दाबून दाबून बोटं झटकत होती. सुरभी नवरीच्या, नमिताच्या, डाव्या हातावर होती. उजवा पुरा झाला होता.

मालूआत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बापामागे भाची नमिताच्या लग्नाची तिजोरी त्यांच्याच पदरात होती, आणि त्या पदराची गाठ भल्याभल्यांना सुटली नव्हती.

"गो सुरभी, आता बायका वाढल्यात. तो नऊ हजारवालाच धर."

"आत्या, तो तिघींचा दर. आधी सांगायचं होतं. आम्ही दोघीच आलोय."

"दोघी आल्यात, मग तर कमीच व्हायला पायजे!"

दोन-चार बायका हसल्या. सुरभीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि ते सहाशे काढून टाक. आमचा निलेश सोडंल तुम्हाला गाडीवरनं."

"एका गाडीवर आम्ही दोघी आणि सामान? मग निलेशला इथंच ठेवा, गाडी आम्ही नेतो."

आता हसणं आत्यांवर गेलं. आत्यांनी आवाज चढवला. "लई बोलतेस गो! चार रेघा ओढायचे एवढे पैसे? आमच्या वेळेला आम्ही पाट्यावर पाला वाटून घरच्या घरी लावायचो."

"मग वाटा ना पाला. चौतीस जणींचा वाटा!"

सुरभीने कोनाच्या टोकाला टाचणी खोचून तो बंद केला. नमिताचा डावा हात मनगटाशीच थांबला होता. उठून जावं, सगळ्या गावाला दिसू दे एक हात रंगलेला नि एक कोरा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. नमिताने हात मागे घेतला नाही. नुसती म्हणाली, "ताई, पॅकेजचे पैसे मी माझ्या पगारातनं पाठवलेत. पुरे चार हजार."

खरं होतं. सुरभीने टाचणी काढली. भांडण आत्याशी होतं, या हाताशी नव्हतं. पण डोकं शांत झालं नाही. हात कोपरापर्यंत पुरा करून ती ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"नवरीचे पैसे आलेत, पाय मी काढणार. बाकी जिला मेंदी पायजे तिनं हाताला शंभर दीपिकाकडे द्यावे. ज्यांच्या झाल्यात त्यांनीपण."

 लग्नघरातल्या मेंदीचा खर्च घरच्यांनी करायचा; पाहुणीने पैसा काढला की घराची अब्रू गेली. म्हाताऱ्या हौसामावशींनी तेवढ्यात चोळीतली पिशवी काढली नि नोटा उलगडायला लागल्या. "धर गो पोरी. माझे दोन्ही हात कर. मालूला जड जातंय."

"मावशी, ठेव ती पिशवी!" आत्या किंचाळल्या. "माझ्या दारात पाहुण्यांकडनं पैसे घेतेस, सुरभी? लाज नाय तुला?"

"मला नाय. तुम्हाला असली तर द्या."

आत्यांनी पदराची गाठ दातांनी सोडली. हातावरच्याच दराने, मोजून, पुटपुटत, दीपिकाच्या मांडीवर नोटा आपटल्या. सहाशेसुद्धा. "आता रोह्यात तुला कोण बोलावतंय बघते!"

"बघा. दर तोच राहील."

संध्याकाळ झाली. नमिताचे पाय झाले, चौतीस जणी हात वर धरून बसल्या. कोरे हात फक्त आत्यांचे. नवरीची आत्या, उद्या ओवाळायला पहिली, आणि हात कोरे! जी येईल ती विचारत होती, "आणि मालू तुझे गो?"

शेवटी आत्या पाट ओढून सुरभीसमोर बसल्या, नजर भिंतीवर ठेवून. शंभराची एक नोट पुढे सरकवली. "उजवा."

सुरभीने नोट डब्यात टाकली. उजवा तळवा काढला, बोटांच्या टोकांपर्यंत, एक रेघ कमी नाही. मग कोन पुसून पिशवीत ठेवला.

आत्यांनी डावा हात पुढे केला होता. सुरभी चप्पल घालत होती.