एका कान्याचा फरक

मार्च संपला की हिंगोलीच्या आमच्या खरेदी-विक्री संघात एक प्रथा होती : आधी शाखांवर संशय घ्यायचा, मग हिशेब बघायचे.

त्या वर्षी पाळी साखरा शाखेची होती. मुख्य कार्यालयाच्या वहीत साखरा शाखेकडे जेवढं येणं दिसत होतं, त्यापेक्षा शाखेच्या वहीत मुख्य कार्यालयाचं देणं बरंच कमी होतं. दोन्ही आकडे एकमेकांना कापून शून्य झाल्याशिवाय सगळ्या शाखांचा एकत्र ताळेबंद होत नाही, आणि त्याशिवाय ऑडिटर सही करत नाही. शाखेचे व्यवस्थापक नेमसिंग राठोड वह्या घेऊन जीपनं आले. त्यांना कुणी चहा विचारला नाही. चौकशी सुरू झाल्याची आमच्याकडची ही पहिली खूण.

हिशेबनीस राधाकृष्ण जोशींनी एकेक नोंद वाचायची, नेमसिंगांनी आपल्या वहीत टिक मारायची, असं चाललं. फरकाचा एक तुकडा लगेच सुटला. मार्चच्या शेवटी इथून निघालेलं खत साखऱ्याला एप्रिलमध्ये उतरलं होतं. इथं मार्चलाच शाखेच्या नावे पडलं, तिथं एप्रिलमध्ये जमा झालं. जोशींनी ते ‘वाटेतला माल’ म्हणून धरलं.

उरले बासष्ट हजार. खतविक्रीचे. नेमसिंग म्हणाले, भरले. वही म्हणाली, आले नाहीत.

“पावती हाय ना,” म्हणून नेमसिंगांनी प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढली.

चेअरमनसाहेबांनी ती उन्हात धरून बघितली. “इतकी जपून ठेवली काहून? सरळ माणसाची पावती हरवते.”

“हरवली असती तर काय म्हणले असते, साहेब?”

“तेच बघून राहिलो मी, की पावती लागणार हे तुमाला आधीच कसं कळलं.”

कॅशियर गंगूताईंनी पावतीपुस्तक काढलं. नंबर बरोबर, रक्कम बरोबर, तारीख बरोबर. फक्त मूळ पावतीवर ‘साखरा’ होतं आणि खालच्या कार्बनप्रतीवर ‘साखर’. कार्बनचा तुकडा आखूड होता, शेवटचा काना कागदावर उतरलाच नव्हता. वही कार्बनवरून लिहिली जाते. त्यामुळे बासष्ट हजार साखरा शाखेऐवजी साखरविक्रीला जमा झाले होते.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण चेअरमनसाहेब एकदम सावध झाले.

“म्हणजे काना नंतर जोडला! साखर विकल्याची पावती कुणाची तरी आणली, न् एक रेघ ओढली.”

“मी?” नेमसिंग म्हणाले. “आवं, अक्षर ताईचं हाय.”

“काना कुणाचाबी असू शकतो,” चेअरमनसाहेब म्हणाले. उभ्या रेघेला हस्ताक्षर नसतं, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं.

गंगूताईंनी पदर सावरला. “काना मीच दिला.” लगेच सगळ्यांचा संशय त्यांच्यावर गेला.

खरी अडचण अशी होती की त्या वर्षी संघाच्या साखर विभागाला पहिल्यांदाच नफा झाला होता. चेअरमनसाहेबांच्या फोटोखाली तो अहवालात छापूनही झाला होता.

“जोशी, असं करा,” ते हळूच म्हणाले. “रक्कम सस्पेन्स खात्यात लटकवून ठेवा, न् राठोडला सस्पेंड करा. वार्षिक सभेनंतर बघू.”

जोशी साखरेचं बिलबुक घेऊन बसले. पावतीच्या तारखेला साखरेचं एकही बिल फाटलेलं नव्हतं. वर्षभराच्या बिलांची बेरीज केली, ती साखरविक्रीच्या खात्यापेक्षा बरोबर बासष्ट हजारांनी कमी निघाली. तोटा दिसला असता तर ही बेरीज कुणीतरी कधीच केली असती. नफ्याची चौकशी करायची आमच्यात पद्धत नाही.

“साखर न विकता साखरेचे पैसे आले, असं ऑडिटरला तुम्ही सांगाल की मी?” जोशींनी विचारलं.

चेअरमनसाहेब फोटोकडं बघत राहिले. जोशींनी नोंद टाकली : साखरविक्री खाते नावे, साखरा शाखा खाते जमा. दोन्हीकडचे आकडे कापले गेले. साखरेचा नफाही गेला. “ह्या जोशी-राठोडचं काहीतरी साटंलोटं हाय,” असं म्हणत चेअरमनसाहेब आपल्या जीपमध्ये बसले.

जोशी नेमसिंगांना घेऊन समोरच्या हॉटेलात गेले आणि दोन चहा सांगितले. नेमसिंगांची नोकरी वाचली होती. तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

“साहेब, एक विचारू?”

“विचारा की.”

“तुमी माझ्यासाठी एवढं काहून केलं?”

“तुमच्यासाठी नाही हो. ताळेबंद जुळत नव्हता.”

नेमसिंगांनी मान डोलावली. मग बाक जरा पुढं ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, “ते झालंच. पर खरं सांगा, किती द्यायचे?”